माझ्या लेकाच्या घशातली तुती

प्रश्न: माझा मुलगा ४ वर्षांचा आहे. स्वरयंत्रात पॅपिलोमा सांगितलाय. दोनदा ऑपरेशन झालं तरी परत आला. एचपीव्हीची लस दिली तर कायमचा बरा होईल का?

उत्तर:

लसीनं असलेला पॅपिलोमा, म्हणजे एचपीव्ही विषाणूमुळं आलेल्या चामखिळीसारख्या गाठी, जात नाही. ती संसर्ग होण्याआधी द्यायची असते आणि तुमच्या लेकराच्या घशात विषाणू बसून गेलाय. ऑपरेशनांमधलं अंतर वाढावं म्हणून काही डॉक्टर लस देतात, काहींना फायदा दिसल्याचंही सांगतात, पण तिच्यावर भरवसा ठेवून दुर्बिणीची तारीख पुढे ढकलू नका. माझ्या मुलाला मी दोन्ही डोस दिले. त्यानंतरही त्याचं एक ऑपरेशन झालं.

आम्ही जालना जिल्ह्यातले, घरी रेशीम. थोरल्याचा आवाज दोन वर्षांचा असताना बसला. सासूबाई म्हणायच्या, "लई रडू देतीस लेकराला, म्हणून घसा बसलाय." गावातल्या डॉक्टरांनी दमा धरला. आठ महिने वाफ, पंप, सिरप चाललं. दमा नव्हताच, आणि हे ओळखायची खूण आमच्या डोळ्यांसमोर होती. दम्याची शिट्टी श्वास बाहेर सोडताना वाजते. ह्याचा आवाज श्वास आत ओढताना यायचा, कोरड्या नळातून हवा ओढल्यासारखा. आणि दम्यात आवाज महिनोन्‌महिने घोगरा राहत नाही. एका रात्री त्याच्या गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत जायला लागली, तेव्हा जीप करून संभाजीनगर गाठलं.

नाकातून बारीक दुर्बीण घातली. स्क्रीनवर दोन्ही स्वरतंतूंवर गुलाबी-पांढुरके दाणेदार घोस. आमच्या बांधावरच्या कच्च्या तुतीच्या फळासारखे हुबेहूब. तुकडा तपासायला पाठवला, एचपीव्हीचा पॅपिलोमा निघाला. हा बहुतेक ६ आणि ११ नंबरच्या प्रकारांनी होतो.

पहिलं ऑपरेशन तिथंच झालं. तोंडातून नळी घालून, फिरत्या पात्याच्या बारीक यंत्रानं गाठी कापत कापत ओढून घेतल्या. श्वास मोकळा झाला. पण डॉक्टरांनी सांगितलं, पुढं जिथं दोन्ही तंतू जुळतात तिथला थोडा भाग मुद्दाम ठेवलाय. मला तो कामचुकारपणा वाटला. आठ आठवड्यांनी पॅपिलोमा परत आला आणि दुसरं ऑपरेशन झालं. मी दिरांकडं हट्ट धरला की आता मोठ्या शहरात न्यायचं, एकदाच मुळासकट काढून टाकायचं. तिथल्या दवाखान्यात "पूर्ण साफ करतो" म्हणाले आणि पुढच्या टोकापर्यंत दोन्ही बाजू खरवडल्या.

दीड महिन्यात गाठी तशाच आल्या. वर नवं दुखणं: समोरासमोरच्या दोन कच्च्या जखमा एकमेकींना चिकटून तंतूंच्या पुढच्या टोकाला पडदा तयार झाला. लेक आता तेरा वर्षांचा आहे. चौदा ऑपरेशनं झाली, गेली तीन वर्षं शांत आहे. आवाज मात्र घोगरा राहिलाय, तो विषाणूमुळं कमी आणि त्या पडद्यामुळं जास्त.

पहिल्या डॉक्टरांकडं परत गेलो तेव्हा त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. विषाणू गाठीत असतो तसा शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतही असतो. त्यामुळं कितीही खोल काढलं तरी मूळ हाती लागत नाही. ऑपरेशनचं काम श्वासाची वाट मोकळी करणं आणि आवाज राखणं एवढंच. म्हणून तुम्हाला कोणी "एकदाच सगळं काढतो" म्हणालं तर उठून या. पुढच्या जोडावर काय करणार, हे आधी विचारा. गळ्याला भोक पाडून नळी बसवायचं कोणी सहज सुचवलं तर दुसरं मत घ्या. जीव वाचवायला लागलीच तर लागली, पण त्या नळीमुळं पॅपिलोमा खाली श्वासनलिकेत उतरायचा धोका असतो. आणि वर्षाला चारच्या वर ऑपरेशनं व्हायला लागली तर शिरेतून देतात त्या बेव्हासिझुमॅब औषधाबद्दल विचारा. आमच्या वेळी ते कोणी बोलत नव्हतं. त्यात रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन तपासत राहावं लागतं.

आता लसीचं बोलते, कारण खरं दुखणं तिथं आहे. विषाणू बहुतेक वेळा बाळंतपणात आईकडून येतो, हे कळल्याबरोबर घरात माझ्याकडं बघायची नजर बदलली. नणंद म्हणाली, "सिझर केलं असतं तर लेकरू वाचलं असतं." मला कधी एक चामखीळ दिसली नव्हती. हा विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेकींना तो येऊन गेलेला कळतही नाही. डेन्मार्कमधल्या नोंदींत ज्या आयांना जननेंद्रियावर चामखिळी झाल्या होत्या, त्यांच्यातही हजार बाळंतपणांमागं सातच लेकरांना हा आजार झाला, आणि सिझरनं काही फरक पडलेला दिसला नाही. नणंदेला हे सांगायला मला सहा वर्षं लागली. इथं लिहितेय ते तुमच्या बायकोनं वाचावं म्हणून.

आई होणाऱ्या मुलीला संसर्गच झाला नाही तर बाळाला तो देणार कुठून? ऑस्ट्रेलियात २००७ पासून शाळकरी मुलींना लस सुरू झाली. तिथं लेकरांतल्या ह्या आजाराच्या नव्या केसेस २०१२ साली सात होत्या, २०१६ साली एक. आणि त्या पाच वर्षांत आजारी पडलेल्या एकाही लेकराच्या आईनं गरोदरपणाआधी लस घेतलेली नव्हती. बारा वर्षांच्या पोरीला दिलेली लस तिच्या पंचविशीतल्या बाळाचा घसा राखते.

मोठ्या जाऊबाईंशी माझं भांडण ह्याच्यावरच आहे. त्यांच्या दोन पोरी, एक बारा, एक चौदा. त्या म्हणतात, "गर्भाशयाचा कॅन्सर तर चाळिशीत होतो, एवढ्या लहान पोरींना आत्ताच कशाला?" माझ्या लेकाला भूल द्यायला चौदा वेळा आत नेलं, त्यातल्या पाच वेळा बाहेरच्या बाकड्यावर त्याच माझ्या शेजारी बसल्या होत्या. तरी त्यांना ती लस फक्त कॅन्सरची वाटते. माझ्या धाकटीला नऊ पूर्ण झाल्याबरोबर दिली.

घेताना खोक्यावरचे नंबर वाचा. त्यात ६ आणि ११ हवेत. पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक २०२३ पासून मिळते, तिच्यात ६, ११, १६, १८ आहेत. गार्डासिलमध्येही आहेत. सर्व्हारिक्समध्ये फक्त १६ आणि १८, म्हणजे कॅन्सरला चालेल, घशाच्या पॅपिलोमाला नाही. मुलग्यांनाही देता येते.

मी डॉक्टर नाही, औषध-डोस तुमच्या कानाघशाच्या डॉक्टरांनाच विचारा. एवढं मात्र करा: प्रत्येक ऑपरेशनची तारीख वहीत लिहा, दुर्बिणीचा व्हिडिओ मागून घ्या. अंतर कमी होतंय की वाढतंय ते त्यावरूनच कळतं. आणि श्वास आत घेताना आवाज आला किंवा गळ्याखालची खळगी ओढली जायला लागली, तर तारखेची वाट न बघता रात्रीच निघा.

जाऊबाईंची थोरली येत्या दिवाळीत पंधराची होते. तोवर दोन डोसांत भागतं, पंधरानंतर तीन लागतात. त्यांच्या फ्रीजवर मी तारीख लिहून चिकटवलीय.