दशलक्षणात उपवास करणाऱ्या मुलांसाठी शाळेला सुट्टीचा अर्ज

प्रश्न: जैनांच्या दशलक्षण पर्वात आमच्या कॉलनीतली सात मुलं उपवास, एकाशन करणार आहेत, सगळी एकाच शाळेत. प्रिन्सिपल मॅडमना पत्र लिहायला बसले पण दहा दिवसांची सुट्टी मागितली तर त्या चिडतील का? शाळेचे नियमही पाळायचे आहेत. पत्र कसं लिहू?

ताई, मी सांगली जिल्ह्यात शाळेत शिकवतो, वर्गशिक्षक म्हणून असे अर्ज दरवर्षी माझ्या टेबलावर येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. "धार्मिक कारणास्तव दहा दिवस रजा मिळावी" असं एका ओळीत लिहू नका. चिडण्याचा प्रश्न नाही, पण मुख्याध्यापकांना त्यावर सही करताच येत नाही, कारण कोणत्या मुलाला नेमकी कोणत्या दिवशी काय अडचण आहे हेच त्यातून कळत नाही. सातही मुलांचं व्रत सारखं नसणार ना, मग मागणी पण सारखी कशी असेल.

आधी घरोघरी विचारून घ्या की कोण काय करणार आहे. ज्यांचा निर्जल उपवास आहे, म्हणजे त्या दिवशी पाणी सुद्धा नाही, त्यांच्यासाठी त्या दिवसाची पूर्ण सुट्टी मागा, त्यात संकोच नको. सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस उघडला की दुपारी चांगलंच ऊन लागतं, आणि दोन मजले चढून लॅबला जाणं त्या पोराला जड जातं. एकाशनवाल्यांना, म्हणजे दिवसातून एकदाच जेवणाऱ्यांना, मात्र बहुतेक वेळा सुट्टीची गरजच नसते, त्यांना वेळ हवी असते. सकाळची शाळा असेल तर मूल दीड वाजता घरी येऊन जेवतं, प्रश्न मिटला, फक्त पीटी नको. दुपारची शाळा असेल तर अभिषेक-पूजा आटपून, एका बैठकीत जेवून मग निघायचं म्हणजे पंधरा-वीस मिनिटं उशीर होऊ शकतो, तेवढी उशिरा येण्याची सवलत मागा. आणि जी मुलं उपवास करत नाहीत पण सूर्यास्ताआधी जेवतात त्यांना सुट्टी कशाला, सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, त्यांना फक्त सहा-साडेसहापर्यंत चालणाऱ्या जादा तासाला किंवा स्पोर्ट्सच्या प्रॅक्टिसला थांबवू नका एवढंच सांगायचं.

पत्राआधी शाळेचं कॅलेंडर पण बघा. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, शुक्रवारी. पर्वाची सुरुवात १५ ला की १६ ला हे तुमच्या मंदिराच्या पत्रिकेवरून पक्कं करून मगच तारखा लिहा, नाहीतर दोन पालकांच्या अर्जात दोन तारखा येतात आणि ऑफिसात उगाच शंका. बऱ्याच शाळांना गणपतीची सुट्टी असते, त्यात पर्वाचे पहिले काही दिवस निघून जातात, आणि कित्येक ठिकाणी अनंत चतुर्दशीची स्थानिक सुट्टी पण असते. आधीच सुट्टी असलेल्या दिवसाची रजा मागणारं पत्र आलं की ऑफिसला वाटतं यांनी कॅलेंडर उघडून पण पाहिलं नाही.

घटक चाचणी मध्ये येत असेल तर ती नंतर घ्या म्हणण्यापेक्षा आधी द्यायची तयारी दाखवा. नंतर म्हटलं की शिक्षकाला वेगळी प्रश्नपत्रिका काढावी लागते आणि मार्क भरायची तारीख पण पुढे जाते, मग नकार येतो. आधी शक्य नसेल तर "शाळा ठरवेल त्या दिवशी" असं लिहा. आणि हजेरीचं म्हणाल तर मंजूर रजा म्हणजे हजेरी नव्हे, तो दिवस हजेरीतून कमीच होतो. दहावीला बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अट असते, तेव्हा सातांपैकी कुणी दहावीत असेल आणि आजारपणात आधीच बरेच दिवस गेले असतील तर त्याच्यासाठी एकच दिवस मागा.

आता एक वाक्य, जे बहुतेक पालक लिहीत नाहीत आणि मुख्याध्यापकांना तेच हवं असतं. उपाशी मूल शाळेत चक्कर येऊन पडलं तर काय करायचं? शिक्षक पाणी पाजायला घाबरतात, व्रत मोडलं म्हणून पालक भांडतील असं वाटतं. एका शाळेत आठवीचा एक मुलगा प्रार्थनेच्या रांगेत घामाघूम होऊन खाली बसला, पत्र ऑफिसच्या फायलीत व्यवस्थित लावलेलं होतं पण पीटीच्या सरांना त्याचा पत्ताच नाही, त्यांनी त्याला "नीट उभा राहा" म्हणून परत उठवलं. म्हणून उपवास सोडवायची परवानगी लेखी द्या, आणि पत्राची प्रत वर्गशिक्षक व पीटी शिक्षकांना द्यावी अशी विनंती त्याच पत्रात करा.

मी असा मसुदा सुचवेन, तुमच्या तारखा घाला:

"प्रति, मा. मुख्याध्यापिका. विषय: दशलक्षण पर्वानिमित्त रजा व सवलतीबाबत.

महोदया, आपल्या शाळेतील सोबतच्या यादीतील सात विद्यार्थी या वर्षी दशलक्षण पर्वात व्रत करत आहेत. कोणाचे कोणते व्रत, कोणत्या तारखेला व त्यासाठी काय सवलत हवी, हे यादीत प्रत्येकाच्या नावासमोर लिहिले आहे. निर्जल उपवासाच्या दिवशी पूर्ण रजा मिळावी, व एकाशनाच्या दिवशी मैदानावरील कवायतीतून सूट मिळावी ही विनंती. या काळातील चाचणी शाळा ठरवेल त्या दिवशी देण्यास व राहिलेला अभ्यास पूर्ण करून घेण्यास आम्ही बांधील आहोत. शाळेत असताना पाल्याला त्रास झाल्यास त्याला लगेच पाणी व खाणे द्यावे, उपवास सोडवण्यास आमची पूर्ण संमती आहे, व यादीतील क्रमांकावर आम्हाला कळवावे. या पत्राची प्रत संबंधित वर्गशिक्षक व शारीरिक शिक्षण शिक्षकांना द्यावी ही विनंती. शाळेच्या नियमांनुसार आपण जो निर्णय द्याल तो आम्हाला मान्य राहील."

खाली यादीत नाव, इयत्ता-तुकडी, व्रत, तारीख, मागणी, पालकाचा फोन आणि प्रत्येक पालकाची स्वतःची सही. कॉलनीतल्या एकानेच सगळ्यांच्या वतीने सही केली तर चालत नाही, कारण रजा त्या त्या मुलाच्या नावावर पडते. मुलांच्या डायरीत रजेचं पान असेल तर तेही भरा, शिक्षक हजेरी मांडताना ते बघतात. शाळेला हा सण नवखा असेल तर मंदिराच्या कार्यक्रमपत्रिकेची झेरॉक्स जोडा, त्यांना तारखा तपासता येतात.

पत्र पर्वाच्या पंधरा दिवस आधी द्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीआधी निर्णय होतो. दोन प्रती न्या, एकीवर ऑफिसकडून आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शक्य असेल तर दोघी-तिघी जाऊन मॅडमना दोन मिनिटं भेटाच, सगळेच्या सगळे नको. पूर्ण रजेला नाही म्हणाल्या तर तिथल्या तिथे अर्ध्या दिवसाचं विचारा, उपवासाच्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर मुलाला घरी सोडायला बहुतेक शाळा तयार होतात, फक्त न्यायला पालक स्वतः यावा लागतो आणि गेटपासवर सही करावी लागते.