दोन क्रांत्या, एक निबंध

प्रश्न: फ्रेंच आणि रशियन क्रांतीची तुलना लिहायला घेतली की आधी फ्रान्स, मग रशिया अशी दोन वेगळी वर्णनेच होतात. एकसंध निबंध कसा लिहावा?

उत्तर: परिच्छेद देशांनुसार न पाडता प्रश्नांनुसार पाडावेत आणि प्रत्येक परिच्छेदात दोन्ही देश यावेत. उदाहरणार्थ, ‘भाकरीसाठी उठलेल्या जमावापुढे राजसत्ता किती टिकली?’ हा प्रश्न घ्या. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या स्त्रिया व्हर्सायवर चालून गेल्या. ८ मार्च १९१७ रोजी पेट्रोग्राडच्या स्त्रियाही पावासाठीच रस्त्यावर उतरल्या. सुरुवात इतकी सारखी असूनही सोळाव्या लुईला केवळ पॅरिसला यावे लागले आणि तो पुढे जवळपास तीन वर्षे राजा राहिला, तर झार निकोलसने आठवडाभरातच, १५ मार्चला, सिंहासन सोडले. हा फरक का पडला, हे सांगताना खरी तुलना सुरू होते. रशिया तेव्हा महायुद्धाने पोखरला होता आणि राजधानीतील शिबंदीच बंडखोरांना मिळाली; फ्रान्स १७८९ मध्ये युद्धात नव्हता. एप्रिल १७९२ मध्ये तेथेही युद्ध सुरू झाले आणि १० ऑगस्टला राजसत्ता कोसळली, म्हणजे फ्रान्सचाच पुढचा इतिहास या स्पष्टीकरणाला बळ देतो. (अर्थात युद्ध हे एकमेव कारण नव्हे, लुईचा १७९१ मधील पलायनाचा प्रयत्नही मोजावा लागेल.)

तारखा मात्र एकाच दिनदर्शिकेतील घ्याव्यात, कारण रशियाची तेव्हाची दिनदर्शिका तेरा दिवस मागे होती.

लिहून झाल्यावर परिच्छेदातील रशियाची वाक्ये झाकून पाहा; फ्रान्सचा भाग तरीही पूर्ण वाटत असेल, तर ती दोन वर्णनेच आहेत, मध्ये कितीही ‘याउलट’ घातले तरी.