मारण्याचा उद्देश नसेल तर खून होत नाही ना?

प्रश्न : परीक्षेत असा प्रसंग होता : जुन्या वैरातून अ वाट अडवून उभा राहतो आणि निःशस्त्र ब च्या डोक्यावर लोखंडी गजाने एकच फटका मारतो. चौथ्या दिवशी ब मरण पावतो. 'ठार मारायचे नव्हते' म्हणून मी सदोष मनुष्यवध लिहिले. गुण मिळाले नाहीत. का?

उत्तर : आपण इथे फक्त एकच उद्देश शोधला, ठार मारण्याचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मधील (जुने भारतीय दंड संहितेचे कलम 300) तिसऱ्या प्रकारात मात्र उद्देश मृत्यूचा असावा लागत नाही. तो दुखापतीचा असावा लागतो, आणि ती दुखापत निसर्गक्रमानुसार सामान्यतः मृत्यू घडवण्यास पुरेशी असावी लागते.

विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य (1958) या निकालात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी हे स्पष्ट केले आहे. दुखापत झाली का, ती कोणत्या स्वरूपाची आहे, आणि नेमकी तीच करण्याचा उद्देश होता की ती अपघाताने किंवा अनवधानाने झाली, एवढे आधी ठरवायचे. ती मृत्यूस पुरेशी होती का, हा त्यानंतरचा प्रश्न वस्तुनिष्ठ आहे : त्याचे उत्तर वैद्यकीय पुराव्यावरून मिळते आणि आरोपीला ते ठाऊक होते का, हे पाहिले जात नाही. आपल्या प्रसंगात गज डोक्यावरच नेम धरून मारला आहे. त्यामुळे कवटीची इजा मृत्यूस पुरेशी होती असे शवविच्छेदन सांगत असेल, तर तो खून ठरतो. फटका एकच होता, याने फरक पडत नाही.

आता एकच तपशील बदलून पाहा. अ ने खांद्यावर गज उगारला, ब ऐनवेळी खाली वाकला आणि फटका डोक्यात बसला. मृत्यू तोच, इजाही तीच. पण डोक्याच्या इजेचा उद्देश नव्हता, म्हणून तिसरा प्रकार गळून पडतो. मग आपण जाणिवेकडे वळतो : असा गज चालवल्यास मृत्यू येण्याचा संभव आहे, हे अ ला माहीत होते का? असल्यास सदोष मनुष्यवध, कलम 105 चा दुसरा भाग, दहा वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. (चौथ्या प्रकारातील जाणीव याहून वरच्या पायरीची असते, गर्दीवर गोळीबार हे तिचे नेहमीचे उदाहरण.)

इजा हेतुपुरस्सर केली, पण ती 'पुरेशी' नसून केवळ 'संभाव्य' होती, तर पुन्हा वेगळे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोविंदा खटल्यात (1876) पतीने पत्नीला खाली पाडून, छातीवर गुडघा ठेवून चेहऱ्यावर दोन-तीन ठोसे मारले आणि मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. शस्त्र नव्हते, फक्त मूठ. न्यायालयाने खून मानला नाही.

आपण प्रसंगात 'अचानक भांडण' लिहिलेले नाही, म्हणून चौथा अपवाद इथे लागू होत नाही. तो लागू असता, तरीही आधी खून सिद्ध होतो का हे तपासूनच अपवादाकडे जावे लागले असते.