साइन वक्र म्हणतो, पुण्यात ऑक्टोबरमध्ये सगळ्यात कमी ऊन!

प्रश्न: पुण्याच्या बारा महिन्यांच्या सरासरी कमाल तापमानावर साइन वक्र बसवला. वक्राच्या मते वर्षातलं सगळ्यात कमी कमाल तापमान ऑक्टोबरमध्ये येतं. माझं गणित चुकलंय का? आणि मुंबईच्या पावसावर असाच वक्र बसवता येईल का?

उत्तर:

गणित बरोबर असावं. पुण्याचं कमाल तापमान एका साइनमध्ये मावतच नाही, अडचण तिथे आहे.

तुमचे आकडे दिसत नाहीत, म्हणून मी शिवाजीनगरच्या दीर्घकालीन सरासरीच्या जवळचे, पूर्ण अंशात केलेले आकडे घेतो. जानेवारी ते डिसेंबर असे: ३०, ३२, ३५, ३८, ३७, ३२, २८, २७, २९, ३१, ३०, २९. अर्धा-एक अंश इकडेतिकडे झाला तरी गोष्ट बदलत नाही. वार्षिक सरासरी ३१.५ येते.

वक्राचं समीकरण असं लिहा:

```
T(t) = M + a*cos(30°*t) + b*sin(30°*t)
```

इथे `t = 0` म्हणजे जानेवारीचा मध्य, `t = 1` म्हणजे फेब्रुवारीचा मध्य. बरेच जण `A*sin(w*t + p) + c` लिहून चारही गोष्टी `curve_fit` च्या गळ्यात मारतात. मग कधी आवर्तकाल साडेदहा महिन्यांचा येतो, कधी आयाम उणे येतो. ऋतुचक्र बारा महिन्यांचं आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे, ते संगणकाला शोधायला कशाला लावायचं? `w` पक्का केला आणि फेजऐवजी कोसाइन-साइनची जोडी घेतली की प्रश्न सरळ रेषीय होतो. शिवाय बाराही महिने हजर असतील तर लीस्ट स्क्वेअर्सचं उत्तर साध्या बेरजेत मिळतं. प्रत्येक महिन्याचं तापमान त्या महिन्याच्या कोसाइनने गुणा, बेरीज करा, ६ ने भागा, की `a` आला. साइनने तेच केलं की `b`.

या आकड्यांसाठी `a` ०.५४ आणि `b` ३.७१ येतो. दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे आयाम, ३.७५ अंश. शिखर येतं `t = 2.72` ला, म्हणजे मार्चच्या मध्यानंतर साधारण २२ दिवसांनी, ६ एप्रिलच्या आसपास. आता एका साइनला शिखराच्या बरोबर सहा महिन्यांनी दरी काढावीच लागते, त्याला दुसरा पर्यायच नाही. ती पडते ७ ऑक्टोबरच्या आसपास, आणि वक्र ऑक्टोबरला २७.८ अंश देतो. प्रत्यक्षात ३१. ज्या महिन्याला आपण सरळ 'ऑक्टोबर हीट' म्हणतो, तोच!

इथे थांबून मोजलेलं वजा वक्राचं असे फरक महिन्यांच्या क्रमाने लिहून काढा. मला हे आले: −२.०, −१.८, ०.०, +२.८, +२.६, −०.९, −३.०, −२.२, +१.०, +३.२, +१.४, −१.१. चिन्हं बघा. हिवाळ्यात उणे, एप्रिल-मेमध्ये अधिक, पावसाळ्यात उणे, सप्टेंबर ते नोव्हेंबर पुन्हा अधिक. वक्र नीट बसला असता तर चिन्हं कशीही विखुरली असती. इथे वर्षातून दोनदा वरखाली होणारी अख्खी लाट उरली आहे. वक्र चुकीचा बसलाय की आकडे खडबडीत आहेत, हे ओळखायला मी आधी हीच यादी बघतो. R² नंतर.

ही दुसरी लाट येते कुठून? पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे, म्हणजे सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला. पण दुसऱ्या वेळी वर ढगांचं छप्पर असतं. जून ते सप्टेंबर ढग आणि ओली जमीन मिळून दुपारचं तापमान दाबून ठेवतात. ढग पांगले की ऑक्टोबरात ऊन पुन्हा चटके देतं, आणि नोव्हेंबरपासून थंडी उतरायला लागते. म्हणजे दोन चढ आणि दोन उतार.

तर समीकरणात सहा महिन्यांची लाट घाला, ३०° च्या जागी ६०°. तिचा `a` काढताना काय होतं ते बघण्यासारखं आहे. ६०° च्या कोसाइनमध्ये जानेवारी आणि जुलैला +१ मिळतो, एप्रिल आणि ऑक्टोबरला −१. म्हणजे बेरजेचा मुख्य भाग ३० + २८ − ३८ − ३१ = −११ असा होतो. थोडक्यात ही लाट विचारते की एप्रिल आणि ऑक्टोबर हे दोघं मिळून जानेवारी-जुलैपेक्षा गरम आहेत का. पुण्यात आहेत, चांगलेच. उरलेल्या आठ महिन्यांचे −५.५ धरले की एकूण −१६.५, आणि भागिले ६ म्हणजे −२.७५. `b` येतो −०.७२. आयाम २.८४ अंश, शिखरं २२ एप्रिल आणि २२ ऑक्टोबरच्या सुमारास. ऑक्टोबर हीटची तारीख गणितातून अशी आपोआप बाहेर पडते तेव्हा मला अजून गंमत वाटते.

हाताने करायचा कंटाळा असेल तर:

```python
import numpy as np
y = np.array([30,32,35,38,37,32,28,27,29,31,30,29])
w = 2*np.pi*np.arange(12)/12
for k in (1, 2):
    a = (y*np.cos(k*w)).sum()/6
    b = (y*np.sin(k*w)).sum()/6
    A = np.hypot(a, b)
    t = (np.arctan2(b, a) % (2*np.pi)) / (k*np.pi/6)
    print(k, round(a,2), round(b,2), round(A,2), round(t,2))
```

दोन्ही लाटा मिळवल्या की एप्रिल ३८.० येतो, ऑगस्ट २७.२, ऑक्टोबर ३०.५. सगळ्यात मोठी चूक मार्चची, तीही पाऊण अंशाच्या आतच. महिन्यामहिन्यातल्या चढउतारापैकी (म्हणजे व्हेरियन्सपैकी) पहिली लाट सुमारे ६२ टक्के सांगते, दुसरी ३६ टक्के. उरतात जेमतेम दीड-दोन टक्के, आणि त्यातला काही भाग मी आकडे पूर्ण अंशात केल्यामुळे आलेला असणार. म्हणून तिसरी लाट घालू नका. बारा आकड्यांवर लाटा वाढवत गेलात तर सहाव्या लाटेला वक्र प्रत्येक बिंदूतून जाईल, आणि त्यातून हवामानाबद्दल काहीच कळणार नाही.

हेच पुण्याच्या किमान तापमानावर करून बघा. माझे गोळाबेरीज आकडे ११, १२, १६, २०, २३, २३, २२, २२, २१, १८, १५, १२. इथे एकटी पहिली लाटच सुमारे ९५ टक्के चढउतार सांगते आणि शिखर जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतं. कारण तेच, ढग. दिवसा ते ऊन अडवतात, पण रात्री जमिनीची उष्णता निसटू देत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात किमान तापमानाला दरी पडत नाही. तेव्हा 'पुण्याचं तापमान साइनसारखं आहे का' याचं उत्तर तुम्ही दुपारचं विचारताय की पहाटेचं, यावर अवलंबून आहे.

दोन चुका मी स्वतः केल्या आहेत, म्हणून सांगतो. पहिली, `t = 0` म्हणजे १ जानेवारी धरणं. महिन्याची सरासरी ही महिन्याच्या मध्याची असते. ती पहिल्या तारखेला टांगली की सगळी शिखरं पंधरा दिवस अलीकडे सरकतात. आयाम अगदी बरोबर येतो, त्यामुळे शंकाही येत नाही. एकदा माझा पुण्याचा उन्हाळा २२ मार्चलाच माथ्यावर पोचला होता आणि ते मला दोन दिवस खरं वाटत होतं. दुसरी, एखादा महिना गहाळ असताना वरचं बेरजेचं सूत्र वापरणं. ते फक्त बाराही महिने समान अंतरावर हजर असतानाच चालतं. एखादी वही फाटलेली असेल तर कोसाइन-साइनचे स्तंभ करून `np.linalg.lstsq` वापरा. रिकाम्या जागी शून्य तर मुळीच भरू नका.

आता मुंबईचा पाऊस. सांताक्रूझसाठी ढोबळ आकडे घेऊ: जून ५००, जुलै ८५०, ऑगस्ट ५५०, सप्टेंबर ३५०, ऑक्टोबर ८० मिलिमीटर, बाकीचे महिने शून्य धरा. सरासरी महिन्याला १९४ आणि पहिल्या लाटेचा आयाम ३३०. आयाम सरासरीपेक्षा मोठा आहे, म्हणजे वक्र शून्याखाली जाणारच. जानेवारीत तो उणे १२८ मिलिमीटर पाऊस पाडतो! जुलैला मात्र त्याची मजल ५१६ पर्यंतच. दुसरी-तिसरी लाट घातली की जुलै सुधारतो, पण कोरड्या महिन्यांत वक्र शून्याच्या वरखाली हेलकावत राहतो. चार महिन्यांत कोसळून उरलेलं वर्ष कोरडं राहणाऱ्या पावसाचा आकारच लाटेचा नाही.

तरीही ती पहिली लाट टाकून देऊ नका, फक्त वक्र म्हणून काढू नका. तिचं शिखर जुलैच्या २७ तारखेच्या आसपास येतं, तो पावसाळ्याचा गुरुत्वमध्य समजा. आणि आयामाला सरासरीच्या दुपटीने भागलं, ३३० भागिले ३८८, की ०.८५ मिळतात. सगळा पाऊस एकाच महिन्यात पडला तर हा आकडा १ येतो, बारा महिने सारखा पडला तर ०. दोन शहरांची तुलना करायला हे दोन आकडे पुरतात. मात्र दोन वेगळे पावसाळे असलेल्या ठिकाणी ते फसवतात, कारण दोन विरुद्ध टोकांचा पाऊस एकमेकांना खोडून काढतो.

वक्र हवाच असेल तर साइनची बेरीज पावसावर न बसवता अपेक्षित पावसाच्या लॉगवर बसवा, म्हणजे लॉग लिंक असलेलं पॉइसन प्रकारचं GLM. घातांकामुळे उत्तर उणे येऊच शकत नाही आणि शून्य पावसाचे महिनेही चालतात. आकड्यांचा आधी लॉग घेऊन साधं रिग्रेशन करायला गेलात तर मात्र पहिल्याच कोरड्या फेब्रुवारीला `-inf` येईल.