स्लॅब झाला, मग बँकेने पैसे कमी का टाकले?

प्रश्न (बेसा): एस्टिमेट ४० लाख, लोन ३० लाख. स्लॅबनंतर इंजिनिअरने ४५ टक्क्यांचं सर्टिफिकेट दिलं, म्हणजे साडेतेरा लाख यायला पाहिजे होते, आले फक्त साडेसात. बँक फसवून राहिली का?

भाऊ, सर्टिफिकेटमधला ४५ टक्के हा आकडा सुरुवातीपासूनच्या सगळ्या कामाचा असतो, फक्त स्लॅबच्या टप्प्याचा नाही. तुमच्या स्टेटमेंटमध्ये प्लिंथला १५ टक्क्यांवर साडेचार लाख आधीच आलेले दिसतात, ते साडेतेरातून वजा केले की यायला पाहिजे होते नऊ लाख, म्हणजे खरा फरक दीड लाखाचाच आहे. आता दीड लाख म्हणजे ३० लाखांचे बरोबर ५ टक्के, यावरून मला वाटते की बँकेच्या व्हॅल्युअरने काम ४० टक्केच धरलं, कारण बँक तुमच्या इंजिनिअरच्या कागदासोबत स्वतःचा माणूस साइटवर पाठवते आणि बहुतेक वेळा त्याचाच आकडा चालतो. ब्रँचमध्ये जाऊन त्या व्हिजिटची तारीख आणि टक्का विचारा. स्लॅबखाली सेंट्रिंग लागून होती आणि विटकाम उभं नव्हतं अशा दिवशी तो येऊन गेला असेल, आणि तुमच्या इंजिनिअरने विटकाम धरून ४५ लिहिले असतील, तर भांडण तिथेच आहे. विटकाम झालं की तारीख दिसणारे फोटो लावून पुन्हा व्हिजिट मागा. हे दीड लाख बुडत नाहीत, पुढच्या टप्प्यात येतात, पण तोवर ठेकेदाराला द्यायची सोय तुम्हालाच करावी लागते.

प्रश्न (हुडकेश्वर): आमचाही एस्टिमेट ४० आणि लोन ३० लाखच आहे. शेजाऱ्याला प्लिंथलाच पैसे भेटले, आम्हाला बँक म्हणते आधी तुमचे १० लाख लावा. असं कसं?

ताई, सँक्शन लेटरमध्ये मार्जिनची अट काढून वाचा. शेजाऱ्याच्या लेटरमध्ये "प्रमाणात" असेल, तुमच्यात "आधी स्वतःचा वाटा" असेल, दोन्ही चालतात. तुमच्या अटीत ४५ टक्के काम म्हणजे १८ लाखांचं काम, त्यातून तुमचे १० गेले की बँक ८ देते, शेजाऱ्याला मात्र तेवढ्याच कामावर साडेतेरा मिळतात. शेवटी दोघांचेही ३० लाखच होतात, तुमचं व्याज उलट उशिरा सुरू होते. फक्त १० लाख लावल्याचा पुरावा मागतील, म्हणून सिमेंट-सळाखीची बिलं ठेवा आणि ठेकेदाराला पैसे खात्यातूनच द्या. प्लॉटची किंमत तुमच्या वाट्यात धरतात का, तेही लेटरमध्येच बघा.

प्रश्न (कोराडी रोड): चेक महिन्याच्या २ तारखेचा, हातात आला १४ ला, व्याज २ पासून लावलं. बरोबर आहे का?

नाही. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात अशाच व्याजावर आक्षेप घेतलाय, पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या तारखेपासूनच व्याज लावायचं. चेक मिळाल्याची पोच जोडून ब्रँच मॅनेजरला लेखी अर्ज द्या आणि त्या बारा दिवसांचं व्याज परत मागा.