तीस सेकंदांत खंडन: कच्चा सांधा कसा पकडायचा

मुलगी इंदूरला नववीत आहे. वादविवादात समोरच्याचं कच्चं कुठे आहे ते तिला कळत नाही, तीस सेकंद विचारातच जातात. काय करावं?

सगळं लिहून घेणं आधी बंद करा. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘म्हणजेच’ या शब्दांवरच कान ठेवायचा. माहिती बहुधा खरी असते, कच्चा असतो तो माहिती आणि निष्कर्ष जोडणारा सांधा.

आमच्या इंदूरच्या सरावात एक मुलगा म्हणाला, “2017 पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं येतंय. इथे कचरा टाकला की दंड होतो. म्हणजेच दंडानेच शिस्त लागते.” प्रतिस्पर्धी मुलगी पहिल्या क्रमांकावरच वाद घालत बसली आणि वेळ संपली. तिने कागदावर फक्त “दंडानेच?” एवढं लिहायला हवं होतं. मग उत्तर असं:

“दंड होतो, मान्य. पण रोज सकाळी दारात कचरागाडी येते, ओला-सुका वेगळा घेते. गाडी बंद करून नुसता दंड ठेवला, तर कचरा जाईल कुठे? सोय आधी, दंड नंतर. ‘दंडानेच’ सिद्ध होत नाही.”

हे आरामात तीस सेकंदांत बसतं. घाईने बोलू नये, परीक्षकांच्या कानी तो ‘च’ पडायला हवा. मात्र समोरचा “दंडानेही” म्हणाला असेल, तर हे खंडन लागू पडत नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे ऐका.