‘नव्या प्रवासाची सुरुवात’ नको, ताई

न्यू जर्सीहून एक ताई लिहितात: “सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये वीस वर्षं काढली. सेहेचाळिसाव्या वर्षी फ्लेबॉटॉमीचा, म्हणजे तपासणीसाठी रक्त काढण्याचा कोर्स केला. सोमवारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रुजू होतेय. फोटोखाली काय लिहू? ‘नव्या प्रवासाची सुरुवात! उत्साहित आणि कृतज्ञ’ असं सुचलंय. पगार निम्मा झाला, नातेवाईक काय म्हणतील?”

पगाराचं तुमचं तुम्ही ठरवून झालंय, तेव्हा नातेवाईकांना म्हणू दे काय म्हणायचं ते. मला खटकते ती कॅप्शन. अहो, ही इंग्रजीला नऊवारी नेसवल्यासारखी झाली! ‘उत्साहित आणि कृतज्ञ’ असं आपल्या घरात कोण कधी बोललंय? पोटात गोळा येतो, धाकधूक होते, हे शब्द काय फक्त दहावीच्या निकालापुरते ठेवलेत?

आमच्या ह्यांनी एक्कावन्नाव्या वर्षी बँक सोडून टोरोंटोत सिटी बस चालवायला घेतली. ट्रेनिंग संपून एकट्याने बस नेली त्या रात्री लिहिलं: “चाळीस फूट गाडी. वळताना जीव मुठीत. पण उतरताना लोक थँक यू म्हणतात, बँकेत कोण म्हणत होतं?” खाली साताऱ्याहून मामांची कॉमेंट: “घाटात नेऊ नकोस.” त्यात ‘प्रवास’ हा शब्द कुठेही नाही, आणि हा माणूस तर खरोखर प्रवासी नेतो.

तुमच्याच पत्रात, तळाशी, खरी कॅप्शन दडलीय. तुम्ही लिहिलंय, “निळ्या झाकणाची नळी जांभळीच्या आधी का भरायची, हे कळलं तेव्हा फार मजा वाटली.” जांभळ्या नळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं. त्याचा अंश पुढच्या नळीत गेला तर पोटॅशियम उगाच वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं, म्हणजे क्रम चुकला की रिपोर्ट खोटा. वीस वर्षं चुका पकडणाऱ्या बाईला याची मजा वाटणारच! मग तेच लिहा:

“वीस वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्या, आजपासून शिरा शोधायच्या. आधी निळी, मग जांभळी, पाठ आहे. पोटातल्या गोळ्याला मात्र कुठली नळी लावू?”

भीती आली, कुतूहल आलं, आणि वाचणाऱ्याला काम काय तेही कळलं. पहिलं वाक्य तेवढं हलवू नका. लांब मजकूर फोनवर ‘अधिक’च्या मागे जातो आणि तिथे कुणी बोट लावत नाही.

फोटो पार्किंगमध्ये काढा. लॅबमध्ये मागच्या पडद्यावर नाहीतर नळीच्या लेबलवर एखाद्या पेशंटचं नाव आलं, तर पहिल्याच दिवशी नोकरीवर बेतेल. तिथले गोपनीयतेचे कायदे कडक आहेत. गळ्यातल्या ओळखपत्रावरचा बारकोडही झाका.

आणि टाकण्याआधी आईला फोन करा. ह्यांच्या बसची बातमी सासूबाईंना शेजारणीच्या मोबाईलवर दिसली होती. ते मी अजून ऐकतेय.